सेक्टर रोटेशनच्या नोंदी: शनिवारी आधी कोणता चार्ट उघडायचा

५ जुलै २०२५, शनिवार

आजपासून नोंदी ठेवतोय. प्रॉब्लेम साधा आहे, आठवड्यातून मला चार्ट बघायला मिळतो एकच निवांत वेळ, शनिवार सकाळ, आणि तेवढ्या वेळात शंभर-दीडशे शेअर चाळायला बसलो की शेवटी ज्याची बातमी कानावर आलेली असते तोच शेअर बघून उठतो. म्हणून ठरवलं की आधी सेक्टर इंडेक्स, म्हणजे एकेका उद्योगातल्या शेअरचे मिळून बनलेले निर्देशांक लावायचे, त्यातले दोन किंवा तीन निवडायचे आणि त्या आठवड्यात शेअर फक्त त्याच सेक्टरमधले उघडायचे. काय विकत घ्यायचं हा प्रश्न इथे नाहीये, आधी कुठे बघायचं एवढाच आहे, आणि हे दोन प्रश्न मी आत्तापर्यंत एकत्र करत आलोय हे लिहून ठेवतो.

एनएसईच्या सेक्टर इंडेक्सची यादी केली: बँक, प्रायव्हेट बँक, पीएसयू बँक, फायनान्शियल सर्व्हिसेस, आयटी, ऑटो, फार्मा, हेल्थकेअर, एफएमसीजी, मेटल, रिअल्टी, मीडिया, ऑइल अँड गॅस, कन्झ्युमर ड्युरेबल्स. यादी करतानाच पहिली कात्री लागली. एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक या दोघी निफ्टी बँकेत आहेत, प्रायव्हेट बँकेत आहेत आणि फायनान्शियल सर्व्हिसेसमध्येही आहेत, त्यामुळे हे तीन चार्ट एकत्र वर आले की वाटतं तीन सेक्टर जोरात आहेत, खरं तर जोर दोन-तीन शेअरचाच असतो. म्हणून प्रायव्हेट बँक आणि पीएसयू बँक ठेवले आणि बाकीचे दोन काढले. फार्मा ठेवला, हेल्थकेअर काढला. उरले अकरा.

६ जुलै, रविवार

नुसते किमतीचे चार्ट बघून काही कळत नाही, कारण बाजार चढत असला की सगळेच चढलेले दिसतात. म्हणून रेशो चार्ट, सेक्टर भागिले बाजार. ट्रेडिंगव्ह्यूमध्ये सिम्बॉलच्या जागी सरळ असं टाकलं की चार्ट येतो:

```
NSE:CNXIT/NSE:NIFTY
NSE:CNXPSUBANK/NSE:NIFTY
```

रेषा वर जातेय म्हणजे सेक्टर बाजाराच्या पुढे, खाली जातेय म्हणजे मागे. २०२२ सालावर हात बसवतोय, कारण त्या वर्षी निफ्टी जवळजवळ जागेवरच होता, ३१ डिसेंबर २०२१ ला १७,३५४ आणि ३० डिसेंबर २०२२ ला १८,१०५, म्हणजे चार-सव्वाचार टक्के. पण त्याच वर्षात आयटी सुमारे २६ टक्के पडला आणि पीएसयू बँक ७० टक्क्यांच्या आसपास वाढला. रेशोमध्ये मोजलं तर आयटीचं ०.७४ भागिले १.०४३ म्हणजे ०.७१, बाजाराच्या तुलनेत २९ टक्के मागे, आणि पीएसयू बँकेचं १.७० भागिले १.०४३ म्हणजे १.६३. बाजार जागच्या जागी आणि आतमध्ये एवढी उलथापालथ, शिकायला याहून चांगलं वर्ष मला तरी माहीत नाही.

पण आज एक गोष्ट खटकली. भागायला निफ्टी ५० घ्यायचा का? निफ्टी ५० मध्ये फायनान्शियल कंपन्यांचं वजन एक तृतीयांशाच्या आसपास असतं. समजा फक्त बँका ९ टक्के चढल्या आणि बाकी सगळं स्थिर राहिलं, तर त्यांच्यामुळे निफ्टीच ३ टक्के चढतो आणि बँकेचा रेशो १.०९ भागिले १.०३ म्हणजे फक्त ५.८ टक्के वाढलेला दिसतो, म्हणजे बँका स्वतःलाच भागतायत. दुसरी बाजू २०२३ मध्ये दिसते, निफ्टी ५० सुमारे २० टक्के वाढला आणि मिडकॅप १०० सुमारे ४६ टक्के, त्यामुळे रिअल्टीसारखे मिडकॅपने भरलेले सेक्टर निफ्टी ५० शी तुलना केली की सगळेच पुढे दिसतात. तो सेक्टरचा जोर असतो की मिडकॅपचा हे वेगळं काढता येत नाही. निफ्टी ५०० ने भागलं तर दुसरा त्रास बराच कमी होतो, पहिला थोडाफार राहतोच. इथून पुढे सगळीकडे `NSE:CNX500`.

९ जुलै, बुधवार

अकरा रेषा डोळ्याने बघून क्रम लावणं जमेना. वर जाणारी रेषा किती वर म्हणजे वर? प्रत्येक रेशोचा आकडा वेगळा, आयटीचा एक आणि मीडियाचा दुसराच, एकमेकांशी तुलना होत नाही. ज्युलियस द केम्पेनार यांचा आरआरजी, म्हणजे रिलेटिव्ह रोटेशन ग्राफ, यासाठीच आहे, आडव्या अक्षावर ताकद, उभ्या अक्षावर ताकदीचा वेग, मध्ये १०० आणि चार खाने: आघाडीवर, मंदावणारे, मागे पडलेले आणि सुधारणारे. सेक्टर साधारण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत राहतात. त्यांचं मूळ सूत्र उघड केलेलं नाही म्हणून मी माझं साधं केलं, रेशोला त्याच्या २६ आठवड्यांच्या सरासरीने भागायचं ती ताकद आणि चार आठवड्यांत तो आकडा किती हलला तो वेग, वेगाचा मध्य माझ्याकडे १०० ऐवजी शून्य.

```python
rs = sec / n500                      # रोजचे क्लोज
wk = rs.resample("W-FRI").last()
ratio = 100 * wk / wk.rolling(26).mean()
mom = ratio - ratio.shift(4)
```

`niftyindices.com` वरून हिस्टॉरिकल डेटाची सीएसव्ही घेतली आणि रात्री चालवलं. मेटल सुधारणाऱ्यांच्या खान्यात आला, खूश झालो, मग लक्षात आलं की आज बुधवार आहे आणि कोडने अर्ध्या आठवड्याला शुक्रवारची तारीख लावून दिलीये. म्हणजे हा ठिपका शुक्रवारपर्यंत सरकत राहणार. जुन्या डेटावर सगळे आठवडे पूर्ण असतात म्हणून चित्र छान स्वच्छ दिसतं आणि चालू आठवड्यात तेच चित्र रोज बदलतं. नियम: हे फक्त शनिवारी चालवायचं, बुधवारी नाही.

१२ जुलै, शनिवार

अजून एक बग. फेब्रुवारी २०२५ तपासत होतो, १ फेब्रुवारीला शनिवारी बजेटसाठी बाजार चालू होता. `W-FRI` मुळे तो शनिवार पुढच्या शुक्रवारच्या आठवड्यात जाऊन बसला, म्हणजे बजेटची हालचाल त्या आठवड्यात दिसतच नाही, एक आठवडा उशिरा दिसते. मुहूर्त ट्रेडिंग पण कधीकधी शनिवार-रविवारी येतं, २०२३ ला रविवारी होतं. `W-SUN` केलं आणि सुटलं. छोटी गोष्ट आहे पण बजेटच्या दिवशी एफएमसीजी आणि ऑटो किती हलतात ते बघता छोटी नाही.

आता २०२२ मधला आयटी एकेक आठवडा पुढे सरकवत बघितला, पुढचं झाकून. जानेवारीच्या सुरुवातीला निफ्टी आयटी ३९ हजारांच्या वर होता, ताकद भरपूर, आघाडीच्या खान्यात अगदी उजवीकडे. जानेवारी संपता संपता वेग शून्याच्या खाली, म्हणजे मंदावणारा. इथपर्यंत ठीक. मार्चमध्ये बाउन्स आला, वेग परत वर, आणि मी प्रामाणिकपणे सांगतो की त्या आठवड्यात मी आयटीचे शेअर उघडले असते. मग एप्रिलमध्ये निकाल आले, १८ एप्रिलला इन्फोसिस एका दिवसात सुमारे ७ टक्के पडला आणि रेशो सरासरीच्या बराच खाली गेला, वर्षभर नीट उठलाच नाही.

मार्चचा तो बाउन्स खोटा होता हे तेव्हा ओळखता आलं असतं का? तासभर यावरच बसलो होतो. एक खूण सापडली: मार्चअखेर रेशो वर आला तरी डिसेंबरच्या शिखराच्या खालीच थांबला होता आणि २६ आठवड्यांची सरासरी चढायची थांबून आडवी झाली होती. माझा वेगाचा आकडा फक्त चार आठवड्यांपूर्वीशी तुलना करतो, आणि चार आठवड्यांपूर्वी खड्डा असेल तर आज नुसतं सपाट असलं तरी वेग चांगला दिसतो. म्हणजे आकडा आजच्या बळामुळे वाढलाय की जुना वाईट आठवडा गळून पडल्यामुळे, हे रेषा बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून खान्यांवरून यादी करायची आणि यादीतल्या प्रत्येकाचा रेशो चार्ट डोळ्याने बघायचा, सरासरी आडवी किंवा उतरती असेल तर त्याला मागे ढकलायचं.

१३ जुलै, रविवार

आज मेटल. दादाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे त्यामुळे त्याला स्टीलचा भाव तोंडपाठ असतो, फोनवर म्हणाला, "अरे २०२२ ला मेचा तो रविवार मी विसरत नाही, एका रात्रीत सगळं फिरलं." बरोबर आहे, सरकारने २२ मे २०२२ पासून स्टीलच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं आणि २३ मेला सोमवारी निफ्टी मेटल एका दिवसात ८ टक्क्यांच्या वर पडला. असलं काही चार्टवर आधी दिसणं शक्य नाही असं मी धरून चाललो होतो.

पण झाकून पुढे सरकवलं तेव्हा दिसलं की युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर मार्च आणि एप्रिलच्या सुरुवातीला मेटल आघाडीवर होता आणि एप्रिलच्या मध्यापासून घसरायला लागला होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वेग चांगलाच उणे, म्हणजे २० मेच्या शुक्रवारी तो माझ्या पहिल्या तिनात नसता. चार्टला शुल्काची बातमी आधी कळली होती असा अर्थ मी काढत नाही, जगभरात धातूंचे भाव उतरत होते आणि ते दिसत होतं एवढंच. शुल्क जर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आलं असतं तर ही पद्धत मला थेट त्याच्यासमोर उभं करून गेली असती. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग तुझ्या त्या खान्यांचा उपयोग काय?" म्हटलं, "दादा, बघायचा क्रम लावायला, विमा म्हणून नाही."

१९ जुलै, शनिवार

पीएसयू बँक, २०२२. मला यातलं सगळ्यात जास्त समजून घ्यायचं होतं म्हणून पूर्ण दिवस दिला.

जूनपासून सुरुवात. १७ जून २०२२ ला निफ्टी १५,२९३ वर बंद झाला, वर्षाच्या सुरुवातीपासून १२ टक्के खाली. पीएसयू बँक पण खालीच होता, नुसता किमतीचा चार्ट बघितला तर पडणारा सेक्टर, कोण बघणार. पण निफ्टीपेक्षा कमी पडलेला, म्हणजे रेशो वर्षाच्या सुरुवातीपेक्षा वर टिकलेला. ताकद १०० च्या थोडी खाली आणि जुलैमध्ये वेग वर, म्हणजे सुधारणाऱ्यांच्या खान्यात. ऑगस्टमध्ये ताकद १०० च्या वर जाऊन बसली. तेव्हा गेल्या महिन्यात कोण जास्त वाढला अशी यादी केली असती तर बाकीचेही बरेच सेक्टर त्याच्या बरोबरीने दिसले असते, कारण जूनच्या तळापासून सगळंच उसळलं होतं. वेगळेपण फक्त रेशोत दिसतं, जूनमध्ये कमी पडणं आणि नंतर पुढे जाणं हे दोन्ही जोडून बघितलं तरच.

कारण काय असेल म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो, ते सरकारी बँकेतून कर्ज विभागातून रिटायर झालेत. विचारलं, "काका, रेपो वाढला की बँकांचा फायदा कसा काय होतो, त्यांनाही पैसे महागच मिळणार ना?" त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. ऑक्टोबर २०१९ पासून नवी फ्लोटिंग घरकर्जं आणि छोट्या उद्योगांची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधली गेली, त्यामुळे रेपो वाढला की कर्जाचा दर तीन महिन्यांच्या आत वाढतो. एफडी मात्र मुदत संपेपर्यंत जुन्याच दराने चालू राहते. मधल्या काळात फरकाचे पैसे बँकेचे. रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ ला अचानक ४ वरून ४.४० केला आणि डिसेंबरपर्यंत ६.२५ वर नेला. "आणि जुनी बुडीत कर्जं आम्ही आधीच्या वर्षांत तरतूद करून करून धुऊन काढली होती, ते विसरू नकोस," काका म्हणाले. "नाहीतर नफा मिळाला असता आणि बुडीत खात्यात गेला असता तर तुझ्या चार्टला काय दिसलं असतं?"

मग त्यांनीच उलट बाजू सांगितली, दर वाढले की बँकेकडच्या सरकारी रोख्यांची किंमत पडते आणि मुदतीपर्यंत धरून ठेवायचे नसलेल्या रोख्यांवरचा तोटा तेव्हाच्या नियमाप्रमाणे ताबडतोब नफ्यातून वजा करावा लागायचा. हे खरंच झालं. ६ ऑगस्ट २०२२ ला एसबीआयने एप्रिल-जूनचा निकाल दिला, नफा आधीच्या वर्षीपेक्षा कमी, ६,०६८ कोटी. हेडलाइन वाईट. पुढचा निकाल ५ नोव्हेंबरला, १३,२६५ कोटी, तोवरचा सगळ्यात मोठा तिमाही नफा. म्हणजे वाईट निकाल आणि चांगला निकाल यांच्या मधल्या तीन महिन्यांत रेशो वर जात होता. ऑगस्टमध्ये जर मी निकाल वाचून सेक्टर ठरवला असता तर पीएसयू बँक यादीत आलाच नसता, आणि उलट फक्त रेशोवर बसलो असतो तर का चढतोय हे माहीत नसल्यामुळे पहिल्याच धक्क्याला सोडला असता. रेशोने बोट दाखवायचं आणि मग कारण शोधायला काकांसारख्या माणसाकडे जायचं, हा क्रम मला पटला.

२० जुलै, रविवार

इंडेक्स चढतोय म्हणजे सेक्टर चढतोय का? एनएसईच्या बहुतेक सेक्टर इंडेक्समध्ये एका शेअरला रिबॅलन्सिंगच्या वेळी, म्हणजे वजनं नव्याने ठरवताना, जास्तीत जास्त ३३ टक्के वजन आणि पहिल्या तिघांना मिळून ६२ टक्के, म्हणजे तीन शेअर सगळी रेषा ओढू शकतात. म्हणून मी अट टाकली होती की इंडेक्समधले निदान साठ टक्के शेअर आपापल्या ४० आठवड्यांच्या सरासरीच्या वर हवेत, नाहीतर यादीतून बाहेर.

ही अट २०२२ च्या ऑगस्टला लावली आणि पीएसयू बँक बाहेर फेकला गेला! बारा बँकांपैकी एसबीआय, बडोदा, कॅनरा, इंडियन बँक वर होत्या, पीएनबी आणि युनियन रेषेच्या आसपास रेंगाळत होत्या आणि यूको, आयओबी, सेंट्रल यांच्यात काही हालचालच नव्हती. आणि माझी अट कधी पूर्ण झाली असती, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, अर्धा रस्ता संपल्यावर. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत तर या छोट्या बँकांनी तुफान केलं, यूको बँक महिना-दीड महिन्यात दुपटीच्या वर गेली. तेव्हा माझा आकडा बारापैकी बारा असा दाखवत होता, सगळ्यात देखणा, आणि नेमकं डिसेंबरच्या मध्यानंतर सेक्टर थकला, जानेवारी २०२३ च्या शेवटी जोरात खाली आला.

म्हणजे सगळे शेअर चढणं ही सुरुवातीची खूण नाही, निदान इथे तरी नव्हती. पैसा आधी मोठ्या, सहज विकता येणाऱ्या नावांत येतो आणि मागे राहिलेल्यांत शेवटी. अट बदलली: वजनाने पहिले सहा शेअर घ्यायचे आणि त्यातले चार सरासरीच्या वर हवेत. ऑगस्ट २०२२ ला बरोबर चार होते, म्हणजे काठावर, आणि हे बघून मी अट तिथे बसवली असा आरोप कोणी केला तर तो रास्त आहे. म्हणून ही अट दुसऱ्या वर्षांवर तपासल्याशिवाय पक्की धरायची नाही. तळाचे शेअर वेगळ्या रकान्यात मोजतोय, ते अचानक मोठ्यांपेक्षा जोरात धावायला लागले की शेजारी लाल खूण.

२६ जुलै, शनिवार

एक राहिलं होतं. मे-जून २०२२ मध्ये एफएमसीजी आणि ऑटो दोन्ही रेशोत पुढे होते. पण बाजार पडत असताना पुढे असणं म्हणजे कमी पडणं पण असू शकतं, बाजार १० टक्के पडला आणि सेक्टर ४ टक्के, तर रेशो ०.९६ भागिले ०.९० म्हणजे जवळपास ७ टक्के वाढतो आणि खिशातून मात्र ४ टक्के गेलेले असतात. म्हणून शेवटचा रकाना सेक्टरच्या स्वतःच्या ४० आठवड्यांच्या सरासरीचा. रेशो चांगला आणि सेक्टर स्वतः सरासरीच्या वर, तर आधी उघडायचा. रेशो चांगला पण सेक्टर खाली, तर यादीत ठेवायचा, बघत राहायचं, घाई नाही. जून २०२२ चा पीएसयू बँक या दुसऱ्या गटात होता आणि ऑगस्टमध्ये पहिल्यात आला.

लाभांशाचा विचार केला आणि सोडून दिला. हे सगळे इंडेक्स लाभांश न धरता आहेत, त्यामुळे जास्त लाभांश देणारे सेक्टर वर्षाला एक-दोन टक्के कमी दिसतात, पण माझी खिडकी सहा महिन्यांची आहे, त्यात क्रम बदलण्याइतका फरक पडत नाही. पाच वर्षांची तुलना करायची असेल तर टोटल रिटर्न इंडेक्सच घ्यायला हवा.

२ ऑगस्ट, शनिवार

शीट तयार झाली. सकाळी चालवायला पाच मिनिटं, अकरा रेशो चार्ट डोळ्याखालून घालायला पंधरा, मग दोन सेक्टर निवडून त्यांचे पहिले सहा शेअर. आज काय आलं ते मुद्दाम इथे लिहीत नाही, कारण पुढच्या महिन्यात वाचताना मला माझीच निवड बरोबर होती असं वाटायला लागेल. ते वेगळ्या फाइलमध्ये तारखेसकट टाकलंय आणि २६ आठवडे उघडणार नाही.

आता पुढचं काम २०२० ते २०२१, फार्मापासून मेटलपर्यंत, सहापैकी चारची अट तिथे टिकते का बघायला. काकांना बोलावलंय रविवारी, फार्मामधलं त्यांना काही माहीत नाही म्हणाले, पण त्यांची पुतणी एका औषध कंपनीत क्वालिटीला आहे, तिला घेऊन येतो म्हणाले.